घरी ऑपरेशन आहे, हॉस्टेलमधून रजा हवी आहे: रेक्टरकडे परवानगी कशी मागावी

मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून काही वर्षं काम करताना रजेचे खूप अर्ज माझ्या टेबलावर आले. त्यातल्या घरच्या ऑपरेशनच्या अर्जांबद्दल मला नेहमी एक गोष्ट जाणवली. मुली अर्जात काळजी भरभरून लिहितात, पण रेक्टरला हवी असलेली माहिती त्यात नसते. मग प्रश्नोत्तरं सुरू होतात, मुलीला वाटतं की मॅडमना आपल्यावर विश्वास नाही, आणि गाडीची वेळ निघून जाते.

रेक्टर, वॉर्डन किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहातले गृहपाल तुमचं दुःख खरं की खोटं हे तपासायला बसलेले नसतात. तुम्ही गेटवरच्या रजिस्टरमध्ये सही करून बाहेर पडता, त्या क्षणी तुमची जबाबदारी वसतिगृहाकडून घरच्यांकडे जाते. ती कुणी घेतली, कधीपासून घेतली आणि परत कधी मिळणार, एवढं त्यांच्याकडे कागदावर असावं लागतं. उद्या काही विचारणा झाली तर त्यांना तेच दाखवावं लागतं. खाली सांगितलेली प्रत्येक पायरी त्यासाठीच आहे.

उदाहरण म्हणून एक प्रसंग घेऊ. पुण्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेली, सोलापूर जिल्ह्यातली मुलगी. आईचं गर्भाशय काढण्याचं ऑपरेशन सोलापूरच्या एका रुग्णालयात ठरलं आहे. बुधवारी, ११ फेब्रुवारीला भरती आणि गुरुवारी ऑपरेशन. घरी वडील आणि नववीतला भाऊ. मावशी येणार आहे, पण ती शनिवारी दुपारपर्यंतच थांबू शकते.

आधी ठरवा: तुमची गरज नेमकी कधी आहे?

बहुतेक जण ऑपरेशनच्या दिवसाची रजा मागतात. त्या दिवशी आईजवळ असावं असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. पण रुग्णालयात त्या दिवशी काय होतं ते पाहा. पेशंट ऑपरेशन थिएटरमध्ये, नंतर काही तास देखरेखीखाली, आणि जवळ थांबायला बहुतेक ठिकाणी एकाच नातेवाइकाला परवानगी. त्या दिवशी घरचे सगळेच हजर असतात. पोटावर टाके घालून केलेल्या अशा ऑपरेशननंतर साधारण तीन ते पाच दिवस रुग्णालयात राहावं लागतं. खरी ओढाताण तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पाहुणे परतल्यावर सुरू होते. आईला धरून बाथरूमपर्यंत न्यायचं, औषधांच्या वेळा पाळायच्या, डिस्चार्जची कागदपत्रं, मग घरी स्वयंपाक. पुढचे काही आठवडे तिला जड उचलायचं नसतं, त्यामुळे पाण्याच्या हंड्यापासून सगळी सोय लावून द्यावी लागते.

शिवाय स्त्रियांच्या वॉर्डात रात्री पुरुष नातेवाइकांना थांबू देत नाहीत. म्हणजे मावशी गेल्यावर वडील आणि भाऊ दोघंही असून रात्री आईजवळ कुणीच नाही. ही एक ओळ अर्जात असेल तर "तूच कशाला जायला हवंस?" हा प्रश्न उरतच नाही.

आता कॅलेंडर समोर घ्या. आमच्या उदाहरणातल्या मुलीनं शनिवारी सकाळी निघायचं ठरवलं. शनिवार-रविवार कॉलेजला सुट्टी. सोमवारी डिस्चार्ज अपेक्षित. गुरुवारी, १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी, त्या दिवशी परत. घरी पाच रात्री मिळतात आणि कॉलेज बुडतं ते फक्त सोमवार, मंगळवार, बुधवार. बुधवारीच निघून पुढच्या मंगळवारी परतली असती, तर मावशी असलेल्या दिवसांत दोघी जणी आणि आई घरी आल्यावर एकही नाही, अशी स्थिती झाली असती.

तुमच्या घरी मावशी नसेल, किंवा ऑपरेशन जोखमीचं असेल, तर त्याच दिवशी जा. मुद्दा इतकाच की तारखा तुम्ही विचार करून निवडलेल्या असाव्यात, आणि का निवडल्या ते सांगता यावं.

घरून कोणते कागद मागवायचे

रुग्णालयाच्या भरतीच्या चिठ्ठीचा किंवा केसपेपरच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा. त्यावर पेशंटचं नाव, रुग्णालयाचा शिक्का, डॉक्टरांची सही आणि भरतीची तारीख वाचता आली पाहिजे. व्हॉट्सअॅपवर येणारे फोटो बहुतेक वेळा तिरके, अंधारात काढलेले आणि नेमकी तारीख अंगठ्याखाली झाकलेली अशा अवस्थेत असतात. भावाला सांगा, कागद जमिनीवर सपाट ठेव, उजेडात वरून फोटो काढ. मग जवळच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढून अर्जाला जोडा. मोबाइलमधला फोटो रेक्टरच्या फाइलला लावता येत नाही.

आजाराचा तपशील सगळ्यांना कळायची गरज नाही. सोनोग्राफीचे रिपोर्ट, तपासण्या, पूर्ण फाइल जोडू नका. अर्जात "पोटाची शस्त्रक्रिया" एवढं पुरतं. मुलांच्या हॉस्टेलमध्ये आईच्या ऑपरेशनबद्दल सरांना सांगताना मुलगे अडखळतात, त्यांनाही हेच सांगेन. निदान लिहिलेल्या ओळीवर कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढा. नाव, तारीख आणि शिक्का दिसला की काम झालं.

दुसरी गोष्ट फोनची, आणि सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर पालकांचा जो मोबाइल नंबर दिला होता, रेक्टर त्याच नंबरवर फोन करून खात्री करतात. वडिलांनी रुग्णालयातून शेजारच्या पेशंटच्या फोनवरून केलेला कॉल त्या मान्य करणार नाहीत, आणि करूही नये. तेव्हा फॉर्मवर कुणाचा नंबर आहे ते आधी ऑफिसात पाहा. आईचा असेल तर पेच मोठा आहे, कारण ती भरती झाल्यावर तो फोन उचलणार कोण? परतीची तारीख वाढवायची वेळ आली तर खात्री कुणाकडून करणार? आई भरती होण्याआधीच तिच्याकडून रेक्टरना एक फोन करवून घ्या, की यापुढे वडिलांच्या या नंबरवर बोलावं, आणि तो नंबर लेखी नोंदवून घ्या.

वडिलांना तुमच्या तारखा नीट सांगून ठेवा. शेतात असताना अचानक फोन आला की वडील म्हणतात, "हो हो, पाठवा तिला, सोमवारपर्यंत येईल परत." इकडे मुलीच्या अर्जात गुरुवार लिहिलेला. दोघांपैकी कुणीच खोटं बोलत नसतं, पण रेक्टरला थांबावं लागतं. निघायची तारीख, परतीची तारीख, कशानं येणार आणि कोण न्यायला येणार, या चार गोष्टी दोघांच्या तोंडून सारख्या आल्या पाहिजेत.

हॉस्टेलची रजा म्हणजे कॉलेजची रजा नव्हे

रेक्टरनं गेट पास दिला म्हणून वर्गात हजेरी लागत नाही. हे दोन वेगळे अर्ज आहेत, दोन वेगळ्या टेबलांवर. शिवाय बऱ्याच ठिकाणी तीन-चार दिवसांपेक्षा जास्त रजा असेल तर रेक्टर आधी क्लास टीचर किंवा विभागप्रमुखांची सही मागतात. म्हणून आधी कॉलेजात जा, मग हॉस्टेलच्या ऑफिसात.

क्लास टीचरकडे जाण्याआधी आपली हजेरी मोजा. ७५ टक्क्यांची अट धरून हिशेब असा होतो. एखाद्या विषयाची आठवड्याला ४ लेक्चर आणि सत्राचे १२ आठवडे, म्हणजे ४८ लेक्चर. ३६ ना बसणं भाग, १२ बुडवता येतात. आजवर ७ बुडली असतील आणि या तीन दिवसांत आणखी ३ बुडणार असतील तर आकडा १० वर जातो. पुढच्या सबंध सत्रात हातात २ उरतात. पत्रक लागल्यावर डिफॉल्टर लिस्टमध्ये नाव दिसण्यापेक्षा हे आजच माहीत असलेलं बरं. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या आजारपणासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर सवलत मिळू शकते, नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी ती मिळेलच असं धरून चालू नका.

लेक्चरपेक्षा प्रॅक्टिकल जास्त महाग पडतं, कारण ते आठवड्यातून एकदाच असतं. तुमच्या बॅचचं प्रॅक्टिकल मंगळवारी असेल तर सरांना आधी भेटून विचारा, "शुक्रवारच्या बॅचबरोबर करू का?" जाण्याआधी विचारलं तर बहुतेक शिक्षक हो म्हणतात. आल्यावर विचारलं तर तोवर ते प्रॅक्टिकल सगळ्या बॅचचं होऊन गेलेलं असतं. अंतर्गत परीक्षा किंवा सबमिशन त्या तीन दिवसांत येत असेल तर ते स्वतःहून अर्जात लिहा आणि त्याची काय सोय केली तेही लिहा. रेक्टरला ते नंतर कळलं तर तुमच्या बाकीच्या माहितीवरही शंका येते.

अर्ज

अर्ज एका पानाचा, स्वच्छ अक्षरात, दोन प्रतींत. एक प्रत त्यांच्याकडे, दुसरीवर "मिळाला" अशी सही आणि तारीख घेऊन तुमच्याकडे. नमुना असा:

प्रति,
मा. रेक्टर,
मुलींचे वसतिगृह, (महाविद्यालयाचे नाव)

विषय: आईच्या शस्त्रक्रियेसाठी दि. १४ ते १९ फेब्रुवारी घरी जाण्याची परवानगी मिळण्याबाबत.

महोदया,

मी (नाव), द्वितीय वर्ष (शाखा), खोली क्र. (…). माझ्या आईची पोटाची शस्त्रक्रिया सोलापूर येथे गुरुवार, दि. १२ रोजी ठरली आहे. भरतीच्या चिठ्ठीची प्रत सोबत जोडली आहे. माझी मावशी शनिवार, दि. १४ च्या दुपारपर्यंत आईजवळ आहे. त्यानंतर स्त्रियांच्या वॉर्डात रात्री थांबण्यासाठी घरात दुसरी स्त्री नाही. सोमवारी घरी सोडल्यानंतरचे सुरुवातीचे दिवसही मला आईजवळ राहणे आवश्यक आहे.

मी शनिवार, दि. १४ रोजी सकाळी पुणे स्टेशनहून रेल्वेने निघेन. सोलापूर स्टेशनवर वडील न्यायला येतील. गुरुवार, दि. १९ रोजी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने निघून दुपारपर्यंत वसतिगृहात परत येईन.

या काळात तीन दिवस वर्ग बुडतील. वर्गशिक्षकांची संमती जोडली आहे. मंगळवारचे प्रॅक्टिकल शुक्रवारच्या बॅचबरोबर करण्यास सरांनी परवानगी दिली आहे.

शस्त्रक्रियेची तारीख बदलल्यास मी निघण्याआधी कळवीन. परतीस उशीर होणार असल्यास वडील आपणास आदल्या दिवशी फोन करतील.

वडिलांचा नोंदणीकृत क्रमांक: (…)
तेथील पत्ता: (…)

आपली विश्वासू,
(सही)

"माझी मानसिक स्थिती ठीक नाही", "कृपया समजून घ्या", "अत्यंत तातडीचे" असली वाक्यं यात नाहीत आणि त्यांची गरजही पडत नाही. रात्री कुणी थांबायला नाही, या एका ओळीत सगळं आलं.

तारीख बदलण्याचं वाक्य मात्र विसरू नका. ठरलेली ऑपरेशनं पुढे जातात आणि त्याची कारणं साधीच असतात. भूलतज्ज्ञांच्या तपासणीत रक्तदाब किंवा साखर जास्त निघते, हिमोग्लोबिन कमी निघतं, फिटनेस मिळत नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ऑपरेशन होणार असेल तर पूर्वमंजुरी यावी लागते, आणि ती येईपर्यंत डॉक्टरांनी तोंडी सांगितलेली तारीख पक्की नसते. मंजुरी आली का, हे वडिलांना रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे विचारायला सांगा. तारीख पुढे गेली तर जुन्याच पासवर निघू नका. अर्जावर नवी तारीख घालून पुन्हा सही घ्या. मंजूर झालेली रजा वाया घालवून नंतर दुसऱ्यांदा मागणं फार कठीण जातं.

रेक्टरसमोर

निघण्याच्या तीन-चार दिवस आधी जा, ऑफिसच्या वेळेत. रात्रीच्या हजेरीच्या रांगेत, गडबडीत, चाळीस मुलींसमोर हा विषय काढू नका. अर्ज टेबलावर ठेवा आणि दोन वाक्यांत सांगा: "मॅडम, गुरुवारी आईचं ऑपरेशन आहे. शनिवारपासून रात्री तिच्याजवळ थांबायला कुणी नाही, म्हणून शनिवार ते गुरुवार घरी जायची परवानगी हवी आहे." मग गप्प राहा आणि त्यांना वाचू द्या.

प्रवासाबद्दल प्रश्न हमखास येतो. या मुलीच्या मनात आधी शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मानं जायचं होतं. ती गाडी सोलापूरला रात्री दहाच्या सुमारास पोचते, आणि वडील त्या वेळी रुग्णालयात. "स्टेशनवर कोण येणार?" याला उत्तर नव्हतं, म्हणून शनिवार सकाळ. तुम्ही एसटीनं किंवा खासगी बसनं रात्री जाणार असाल तर पोचण्याची वेळ आणि न्यायला येणाऱ्याचं नाव तयार ठेवा. रेक्टर बाईंची खरी चिंता त्या मधल्या तासांची असते, जेव्हा तुम्ही हॉस्टेलच्याही नसता आणि घरच्यांच्याही नसता.

त्या म्हणाल्या, "वडिलांना फोन लावते," तर तिथेच थांबा. फोन लागला नाही तर "नंतर येते" म्हणून निघू नका. वडिलांना कोणत्या वेळी रेंज असते ते सांगा आणि त्या वेळी पुन्हा या.

आजी, काका, आत्या, मामा यांचं ऑपरेशन असेल तर हीच पद्धत, पण "तूच का?" याचं उत्तर जास्त नेमकं हवं. "माझं आजीवर खूप प्रेम आहे" हे खरं असलं तरी त्यावर रेक्टर पाच दिवस देऊ शकणार नाही. "आजी-आजोबा दोघंच गावी असतात, आई-बाबा सोमवारी येणार आहेत, तोवर दोन रात्री मी थांबणार आहे" यावर दोन रात्री मिळतात. नातं लांबचं असेल तर दिवस कमी मागा आणि शनिवार-रविवारला जोडून मागा. अर्जावर आई-वडिलांची संमती लागतेच, काकांनी फोन करून चालत नाही.

नकार आला तर

आधी शांतपणे विचारा की अडचण कशाची आहे. बऱ्याचदा तो नकार नसतोच. इतक्या दिवसांची सही करण्याचा अधिकार त्यांना नसतो, ती चीफ रेक्टर किंवा प्राचार्यांकडून यावी लागते. मग म्हणा, "मॅडम, तुमचा शेरा मारून द्याल का, मी पुढे घेऊन जाते." त्यांना न सांगता थेट वर गेलात तर अर्ज फिरून त्यांच्याच टेबलावर येतो.

अडचण परीक्षेची असेल तर दिवस कमी करा. खात्रीची असेल तर वडिलांऐवजी पुण्यातल्या नोंदणी केलेल्या स्थानिक पालकांना घेऊन या. त्यांनी समोर येऊन सही केली की बहुतेक वेळा प्रश्न सुटतो.

मैत्रिणीला रजिस्टरमध्ये तुमची सही करायला सांगून निघून जाणं मात्र कोणत्याही कारणानं करू नका. तुम्ही गाडीत असताना हजेरीत ते उघडकीला आलं तर रेक्टर पहिला फोन घरी करतात. "तुमची मुलगी वसतिगृहात नाही" हे वाक्य रुग्णालयाच्या बाकावर बसलेल्या वडिलांना ऐकावं लागतं. आणि शिक्षा मैत्रिणीलाही होते.

रात्री अचानक फोन आला तर

अपघात, अपेंडिक्स, आजी पडून खुब्याचं हाड मोडलं, अशा वेळी अर्ज आणि झेरॉक्स बाजूला ठेवा. घरच्यांना सांगा की मला नंतर, आधी रेक्टरना फोन करा, नोंदणी केलेल्या नंबरवरून. रेक्टरचा नंबर घरी लिहून ठेवलेला असावा. मग रखवालदाराला किंवा हॉस्टेलच्या प्रतिनिधीला सांगून रेक्टरना भेटा. रात्री एकटीला सोडत नाहीत, कुणीतरी न्यायला यावं लागतं किंवा पहाटेपर्यंत थांबावं लागतं. न्यायला येणाऱ्यानं स्वतःचं ओळखपत्र आणावं, गेटवर त्याची नोंद होते. एका ओळीचा अर्ज हातानं लिहून सही करूनच निघा. बाकी कागद दोन दिवसांत व्हॉट्सअॅपवर पाठवले तरी चालतं.

निघताना, तिथे असताना, परतल्यावर

मेस बंद ठेवण्याचा अर्ज आदल्या दिवशी द्या. बहुतेक मेसमध्ये सलग काही दिवस गैरहजर असलं आणि आधी कळवलं तरच पैसे वळते होतात. खोलीची किल्ली रूममेटकडे द्या. गेट पासवर निघण्याची आणि परतीची तारीख बरोबर लिहिली आहे का ते ऑफिसातच वाचून घ्या. घरी पोचल्यावर वडिलांच्या फोनवरून रेक्टरना "पोचले" असा संदेश पाठवा.

टाके ओले राहिले, ताप आला, डिस्चार्ज बुधवारवर गेला, तर गुरुवारी सकाळी गाडी सुटल्यावर कळवू नका. बुधवारी दुपारीच वडिलांनी फोन करावा, किती दिवस वाढवून हवेत ते नेमकं सांगावं आणि तुम्ही लगेच लेखी संदेश पाठवावा. क्लास टीचरनाही वेगळं कळवा.

परतल्यावर रजिस्टरमध्ये आत आल्याची वेळ लिहून सही करा. ही नोंद राहिली तर कागदोपत्री तुम्ही अजून रजेवरच असता आणि त्या रात्रीच्या हजेरीत गोंधळ होतो. डिस्चार्ज कार्डाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स रेक्टरच्या आणि क्लास टीचरच्या, दोन्ही फाइलींना लावा. मेस सुरू करायला सांगा. शुक्रवारच्या बॅचच्या सरांना आदल्या संध्याकाळीच संदेश टाका की उद्या येते आहे.